पासिंगला माझाच आयडी आहे, आणि संशय शेजारच्या टेबलावर

प्रश्न : सर, मी एका सरकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत अधिकारी आहे. आमचा एक सीनियर क्लार्क म्हाताऱ्या ग्राहकांच्या बंद पडलेल्या खात्यांतून पैसे काढतोय असा मला दाट संशय आहे. चार खाती माझ्या नजरेत आली. त्यातल्या दोन एन्ट्री माझ्याच आयडीने पास झाल्यात. गर्दीत त्याने "मॅडम, जरा पासवर्ड टाका ना" म्हटलं आणि मी टाकला. मॅनेजर साहेब आणि तो एकाच गाडीने येतात-जातात. एक मैत्रीण म्हणते निनावी पत्र टाक, युनियनवाले म्हणतात दिल्लीला केंद्रीय दक्षता आयोगाकडे, म्हणजे सीव्हीसीकडे लिहा, तुमचं नाव कुणाला कळणार नाही. मी काय करू?

उत्तर : तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही मधेच घाईने सांगून टाकलंय : दोन एन्ट्री तुमच्या आयडीने पास झाल्यात. तक्रार कुठे करायची आणि नाव लपवायचं की नाही, हे त्या एका वाक्यावर ठरतं. मी एकतीस वर्षं बँकेत होतो, त्यातली शेवटची नऊ दक्षता विभागात गेली. तिथे हात मारणाऱ्यांपेक्षा पासवर्ड देणारेच मला जास्त भेटले.

आधी निनावी पत्राचं सांगतो. ते टाकू नका. निनावी किंवा खोट्या नावाच्या तक्रारीवर कारवाई करायची नाही, अशी केंद्रीय दक्षता आयोगाची स्पष्ट सूचना आहे. पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. शिवाय अशी पत्रं गुपचूप राहतात हा गैरसमज आहे. सात-आठ माणसांच्या शाखेत कुणीतरी पत्र टाकलंय एवढं कळलं, की चहाच्या वेळी अंदाज सुरू होतात. म्हणजे संशय तुमच्यावर येतो आणि संरक्षण मात्र काहीच मिळत नाही.

दिल्लीचा मार्ग खरा आहे, चांगलाही आहे. त्याची कथा माहीत असावी. सत्येंद्र दुबे नावाचा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातला तरुण इंजिनियर होता. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्याचा खून झाला. खुनाचा पत्राशी किती संबंध होता यावर पुढे वाद झाले, पण नाव फुटलं याबद्दल वाद नव्हता. त्यानंतर 21 एप्रिल 2004 रोजी केंद्र सरकारने तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्यासाठी एक ठराव काढला, त्याला आपण पीआयडीपीआय म्हणतो. दक्षता सप्ताहात शाखेत लागणाऱ्या पोस्टरवर तुम्ही हा शब्द वाचला असेल. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये संसदेत मंजूर झाला, पण तो अजून लागू केलेला नाही. म्हणून केंद्राच्या नोकरांसाठी आणि सरकारी बँकांसाठी आजही हा जुना ठरावच चालतो.

या ठरावाची रीत अशी. तक्रार बंद पाकिटात, टपालानेच, सीव्हीसीच्या सचिवांच्या नावे सतर्कता भवन, नवी दिल्ली इथे पाठवायची. पाकिटावर ही जनहित प्रकटीकरणाखालची, म्हणजे पीआयडीपीआयची तक्रार आहे, असं ठळक लिहायचं. ते लिहिलं नाही तर पत्र साध्या तक्रारींच्या ढिगात जातं आणि नाव झाकण्याची जबाबदारी आयोगावर राहत नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता घालायचा नाही; अशा पाकिटाला पोस्टाने तो मागू नये, अशा सूचना टपाल खात्याने दिलेल्या आहेत. नाव-पत्ता आत लिहायचा, शक्यतो वेगळ्या कागदावर. तोही घरचा, कारण तक्रार तुमचीच आहे ना हे विचारणारं पत्र आयोगाकडून त्या पत्त्यावर येतं. पोच येत नाही. स्मरणपत्रं पाठवत बसायची नाहीत. आणि त्याच तक्रारीची प्रत रिजनल ऑफिसला, युनियनला, पेपरवाल्याला द्यायची नाही. दिलीत तर झाकायला काही उरत नाही.

एवढं सगळं सांगून तुम्हाला मात्र मी सांगेन की हा मार्ग धरू नका. कारण ऐका. आयोग तुमचं नाव काढून तक्रार चौकशीला पाठवणार तुमच्याच बँकेच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडे, म्हणजे सीव्हीओकडे. तक्रार कुणाची हे सीव्हीओला ठाऊक नसणार. त्याचा माणूस शाखेत येईल, चार खात्यांच्या एन्ट्री काढेल, आणि त्यातल्या दोन एन्ट्रींच्या पुढे पास करणारी म्हणून तुमचा आयडी दिसेल. त्याच्या लेखी तुम्ही तक्रारदार नाही, त्या क्लार्कच्या जोडीदार आहात. तेव्हा तुम्ही म्हणाल, "साहेब, तक्रार मीच केली होती." आपलं नाव निघाल्यावर बोलणारी माणसं त्याने ढिगाने पाहिलेली असतात. ज्या गुप्ततेसाठी दिल्लीला लिहिलंत, ती तुमच्याच विरोधात उभी राहते.

ज्याचा आयडी, सही किंवा पासवर्ड प्रकरणात कुठेच नाही, त्याने पीआयडीपीआय जरूर वापरावं. तुमचा बचाव नाव लपवण्यात नाही, तारखेत आहे. चौकशी लागण्याच्या आधी, स्वतःहून, स्वतःच्या नावाने तुम्ही काय सांगितलंत, एवढ्यावरच पुढे तुमचं माप होणार.

एक जुनं प्रकरण सांगतो. एका तालुक्याच्या शाखेत दोन अधिकाऱ्यांचे आयडी एकाच क्लार्कने वापरले होते. रीत तुमच्यासारखीच, गर्दीत पासवर्ड टाकून घेणं. एका अधिकाऱ्याला एका संध्याकाळी आपल्या पासिंगच्या यादीत एक कर्ज दिसलं; ते पास केल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने दुसऱ्याच दिवशी दोन पानी पत्र लिहिलं, आणि त्यात पहिल्याच परिच्छेदात होतं, "माझा पासवर्ड मी या या दिवशी दिला, ही माझी चूक." दुसऱ्यालाही कळलं होतं, पण इन्स्पेक्शन येईल तेव्हा बघू म्हणून तो गप्प बसला. दोघांची चूक तंतोतंत सारखी होती. पहिला ताकीद मिळून सुटला. दुसऱ्याला मोठ्या शिक्षेची चार्जशीट मिळाली, दोन वर्षं चौकशी चालली आणि पगाराच्या पायऱ्या खाली आल्या. चौकशी अहवालात फरक एका ओळीत नोंदवला होता : एकाने कळवलं, दुसऱ्याने लपवलं.

आता लिहिण्याआधी तपासायचं काय? तुम्हाला ज्या चार गोष्टी दिसल्या असणार त्या अशा : दोन वर्षांहून जास्त हालचाल नसलेलं खातं अचानक चालू झालं, मोबाइल नंबर बदलला, ठेवीवर कर्ज उचललं गेलं, आणि ते लगेच रोख निघालं. ऐकायला भयंकर वाटतं. पण सुटं सुटं बघा. म्हाताऱ्याचा मुलगा पुण्याहून आला, केवायसीचे कागद देऊन खातं चालू केलं, दवाखान्यासाठी ठेवीवर दोन लाखांतले एक लाख ऐंशी हजार उचलले आणि रोख नेले. आपल्याकडे हे रोज घडतं. दोन अनोळखी ग्राहकांना एकच मोबाइल नंबर लागलेला दिसला की आपल्याला चोर सापडल्यासारखं वाटतं. पण गावात चार घरांच्या खात्यांना एकाच पुतण्याचा नंबर लावलेला मी कितीदा पाहिला आहे.

म्हणून खरा फरक कागदात असतो. ठेवीवरचं कर्ज म्हटलं की ठेवीदाराची सही केलेला कर्जाचा कागद आणि मागे सही करून जमा केलेली ठेवपावती असायलाच हवी. खातं चालू केलं तर केवायसीचा संच असायला हवा. ज्या दोन एन्ट्री तुमच्या आयडीने पास झाल्या, त्यांचे कागद बघण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, कारण त्या तुमच्या पासिंगच्या आहेत. त्या दिवसांचं व्हाउचर बंडल मागवा आणि बघा. कागद आहे का, पावती आहे का, पैसे काढण्याच्या स्लिपवरची सही नमुन्याशी जुळते का. कागद सगळे आहेत आणि सही जुळतेय, तर तुमचा संशय निम्मा गळून पडतो, आणि तो तसा पडू द्या. कागदच नसतील तर मात्र तो संशय राहिला नाही, नोंदवण्याजोगी वस्तुस्थिती झाली.

उरलेल्या दोन खात्यांच्या मागे लागू नका. सिस्टिममध्ये कोणी कुठलं खातं कधी उघडून पाहिलं याची नोंद राहते. कामाशिवाय तुम्ही ती खाती दहा वेळा पाहिलीत, तर चौकशीत पहिला प्रश्न तुम्हाला येईल की तुम्ही तिथे काय करत होतात. स्क्रीनचे फोटो मोबाइलवर काढणं, व्हॉट्सअॅपवर नवऱ्याला पाठवणं, व्हाउचर घरी नेणं, झेरॉक्स पर्समध्ये ठेवणं, यातलं काहीही करू नका. ग्राहकाची माहिती बाहेर गेली, तर त्याच्या चोरीआधी तुमचंच प्रकरण उभं राहतं. शाळेच्या वहीसारखी एक साधी वही घ्या आणि त्याच दिवशी, आठवतंय तसं लिहून ठेवा : तारीख, साधारण वेळ, व्हाउचर नंबर, खात्याचे शेवटचे चार आकडे, कोण काय म्हणालं. "मॅडम, जरा पासवर्ड टाका ना" हे शब्द ज्या दिवशी म्हटले, ते तसेच्या तसे लिहा. पुरावा म्हणून एवढं पुरतं. मूळ कागद शाखेतच असले पाहिजेत. ते जप्त करणं चौकशी करणाऱ्याचं काम आहे.

त्या क्लार्कला बाजूला घेऊन विचारायचा मोह होईल. "दादा, हे काय चाललंय, सांगा तरी," असं म्हणावंसं वाटेल, कारण तो कदाचित तुमच्या मुलाच्या बारशाला आलेला असेल. विचारू नका. एका शाखेत एका कॅशियर बाईंनी शुक्रवारी संध्याकाळी असंच विचारलं होतं. सोमवारी सकाळपर्यंत त्याने सोसायटीतून आणि मेहुण्याकडून उसने घेऊन पैसे परत भरले, बंडलमधली एक स्लिप गायब झाली, आणि ग्राहकाने लिहून दिलं की सही माझीच आहे. उलट त्याच बाईंवर द्वेषातून तक्रार केल्याचा अर्ज आला. त्या खऱ्या होत्या, हे पुढच्या वर्षी दुसऱ्या एका खात्यात सापडलं तेव्हा सिद्ध झालं. तोवर त्यांची बदली झाली होती.

ग्राहकालाही स्वतःहून फोन करून "काका, तुमच्या खात्यातून पैसे गेलेत" असं सांगू नका. पण काका पासबुक भरायला आले, तर ते भरून द्या. एकही एन्ट्री न लपवता. त्यांनी विचारलं "हे काय?" तर लेखी अर्ज घ्या, शिक्का मारून पोच द्या आणि इनवर्डला नोंद करा. ग्राहकाचा स्वतःचा अर्ज हा या सगळ्यातला सर्वांत भक्कम कागद असतो. तो घेणं ही तुमची ड्यूटीच आहे, त्यात चुगली नाही.

आता लिहायचं कुणाला? शाखेत असं काही दिसलं तर पहिली पायरी मॅनेजर. पण ती पायरी तुम्ही सोडू शकता, कारण गाडीचं कारण तुम्ही सांगितलंत. नीट विचार करा मात्र. एकत्र गाडीने येणं हा गुन्हा नाही आणि पत्रात त्याचा उल्लेखही करू नका. पत्रात एवढंच यावं की काही एन्ट्री कुणाच्या आयडीने पास झाल्या हे मला माहीत नाही, म्हणून शाखेबाहेर कळवते आहे. पत्र सीव्हीओच्या नावे, मुख्य कार्यालयात. तुमच्या बँकेचं व्हिसलब्लोअर धोरण कर्मचारी पोर्टलवर सर्क्युलरमध्ये असतं, ते काढून वाचा. कुठल्या पदाच्या नावे आणि पाकिटावर काय लिहून पाठवायचं ते बँकेबँकेत वेगळं असतं. हे शाखेच्या संगणकावरून, ऑफिसच्या मेलवरून करू नका. सर्क्युलर वाचायला हरकत नाही, पत्र घरी लिहा. शाखेच्या प्रिंटरवर तर मुळीच नको, तो अर्धं पान काढून अडकतो आणि उरलेलं पान दुसऱ्याच कुणाला तरी मिळतं.

पत्र कसं नसावं याचा नमुना देतो : "आमच्या शाखेतील एक भ्रष्ट कर्मचारी गोरगरीब ग्राहकांना लुबाडत असून त्याला वरिष्ठांचा आशीर्वाद आहे." या वाक्यात तपासण्यासारखं काहीच नाही, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र सगळी तुमची. असं लिहा : "दिनांक अमुक रोजी व्हाउचर क्रमांक अमुक, ठेवीवरील कर्ज एक लाख ऐंशी हजार. ही एन्ट्री माझ्या आयडीने पास झाली आहे. त्या वेळी कर्जाचा कागद मी पाहिला नाही. दुपारी गर्दीत श्री. अमुक यांनी सांगितल्यावरून मी त्यांच्या काउंटरवर पासवर्ड टाकला. दिनांक अमुक रोजी मी बंडल पाहिले, त्यात कर्जाचा कागद आणि ठेवपावती आढळली नाही." इथे थांबा. "म्हणून त्यांनी अपहार केला" हे वाक्य तुम्ही लिहायचं नाही. ते चौकशी करणाऱ्याचं आहे. मधलं पासवर्डचं वाक्य लिहिताना हात थरथरेल. तेच वाक्य तुम्हाला वाचवणार आहे, ते गाळू नका, मऊ करू नका. "तांत्रिक कारणास्तव" वगैरे शब्द घालू नका, ते शब्द दक्षता खात्यात लगेच ओळखू येतात.

उरलेल्या दोन खात्यांबद्दल वेगळा, छोटा परिच्छेद करा आणि "याबाबत माझ्याकडे कागद नाहीत, पडताळणी व्हावी" असं म्हणा. त्यातलं एखादं निर्दोष निघालं तरी तुमच्या पत्राला धक्का लागत नाही.

वेळेबद्दल. कागद नाहीत अशी खात्री झाली की आठवडा घालवू नका. पैसे अजून निघत असतील तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पत्र निघालं पाहिजे. रोज एखादं खातं रिकामं होत असेल तर सीव्हीओच्या कार्यालयाला फोन करा, नाव सांगा, पत्र येतंय असं सांगा. पीआयडीपीआयचा टपालाचा मार्ग तुमच्यासाठी नको म्हणण्याचं हे दुसरं कारण. त्यात पैसे थांबवण्याची घाई बसत नाही.

पुढे काय होतं ते सांगून ठेवतो, म्हणजे घाबरणार नाही. बहुतेकदा एका सकाळी अचानक इन्स्पेक्शन येतं, दिसायला नेहमीचंच. बंडलं सील होतात, चार-पाच जणांना एकेक करून बोलावतात, तुम्हालाही. तुम्हाला आधी बोलावलं तर चेहरा सांभाळा आणि शेवटी बोलावलं तरी सांभाळा. स्टेटमेंट लिहून घेतील. सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा, चुकलेली ओळ दुरुस्त करून बाजूला सही करा, प्रत मागा. आणि एक गोष्ट आत्ताच मान्य करून टाका : विभागीय चौकशी लागली आणि तुम्ही साक्षीदार झालात, तर त्या दिवशी तुमचं नाव त्याच्यासमोर येणार. त्याच्या वतीने कुणीतरी तुम्हाला उलट प्रश्न विचारणार. तोवरची गुप्तता मिळते, कायमची नाही. युनियनकडे आत्ता जाऊ नका, तेही याच कारणाने. तो क्लार्कही युनियनचा सभासद असेल, आणि त्याला मदत करणं त्यांचं काम आहे.

बदली झाली, गोपनीय अहवाल बिघडला, तर घडलेलं तारखांसकट सीव्हीओलाच लिहा; तुमचं पहिलं पत्र आधीचं आहे हे तेव्हा कामी येतं.

तुमच्यासारख्याच अडचणीत पण दुसऱ्या बँकांत असलेल्यांसाठी दोन ओळी. खासगी आणि परदेशी बँकांतल्या लोकांसाठी रिझर्व्ह बँकेची 2007 सालची संरक्षित प्रकटीकरण योजना आहे, ती सरकारी बँकांना लागत नाही. पतसंस्था आणि सहकारी बँकांतल्या लोकांना पीआयडीपीआय लागत नाही, कारण ते केंद्राच्या अखत्यारीतलं आहे. पाकिटावर तो शब्द लिहून दिल्लीला पाठवलेलं त्यांचं पत्र फुकट जातं.

उद्या सकाळी शाखेत गेल्यावर पहिल्यांदा पासवर्ड बदला. तो परत मागेल, कारण त्याला सवय आहे. "माझ्या टेबलावर आणा, कागद बघून करते," एवढंच म्हणा, नेहमीच्या आवाजात, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलवा. पत्र स्पीड पोस्टाने दुसऱ्या गावच्या पोस्टातून टाका आणि पावती घरच्या कपाटात ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही.